८०८५ वरची बेरीज आणि तिचा हातचा

आठ बिटांच्या मायक्रोप्रोसेसरवर दोन संख्यांची बेरीज करणारा असेंब्ली प्रोग्राम लिहिणे आणि उत्तर मेमरीत साठवणे, हा प्रात्यक्षिक परीक्षेतला नेहमीचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात बारावीच्या संगणकशास्त्राच्या दुसऱ्या पेपरात, तसेच इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविका आणि पदवी वर्गांत तो बहुधा इंटेलच्या ८०८५ या प्रोसेसरवर विचारला जातो. हा प्रोसेसर १९७६ साली आला. त्याच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे विद्युतदाब लागत. ८०८५ ला पाच व्होल्टचा एकच पुरवठा पुरतो आणि नावातला शेवटचा ५ तेच सुचवतो. कारखान्यांतून तो केव्हाच मागे पडला, पण त्याच्या मोजक्या रजिस्टरांचा आणि सूचनांचा हिशेब कागदावर पूर्ण मांडता येतो, म्हणून शिकवण्यासाठी तो टिकून राहिला.

प्रश्न साधारण असा असतो: 2050H आणि 2051H या पत्त्यांवर दोन आठ-बिट संख्या आहेत, त्यांची बेरीज 2052H वर आणि कॅरी 2053H वर साठवा. आकड्यामागचा H म्हणजे संख्या सोळाच्या पायाची, अर्थात हेक्साडेसिमल. पत्ते किटनुसार बदलतात, कारण प्रत्येक किटवर रॅम वेगळ्या ठिकाणी सुरू होते. इंटेलच्या स्वतःच्या एसडीके-८५ या किटवर ती 2000H पासून होती. इथे तीच मांडणी धरली आहे.

प्रश्नात बेरजेपेक्षा कॅरीचा भाग अवघड आहे. आठ बिटांत मोठ्यात मोठी संख्या मावते ती FFH, म्हणजे २५५. दोन संख्या मिळवल्या की उत्तर ५१० पर्यंत जाऊ शकते आणि त्याला नऊ बिट लागतात. मेमरीच्या एका खणात मात्र आठच बिट बसतात. नववा बिट म्हणजे हातचा. तो प्रोसेसरच्या कॅरी फ्लॅगमध्ये येऊन थांबतो, आणि पुढच्या एखाद्या सूचनेने तो फ्लॅग बदलला की कायमचा जातो. त्याला वेळेत उचलून मेमरीत नेण्यासाठीच प्रोग्रामचा निम्मा भाग खर्ची पडतो. ज्या उत्तरपत्रिकेत नुसती बेरीज करून साठवली आहे, ती लहान संख्यांना बरोबर चालते आणि मोठ्या संख्यांना चुकीचे उत्तर देते.

संपूर्ण प्रोग्राम असा. डावीकडे पत्ता, मधे मशीन कोड, उजवीकडे सूचना:

```
2000  0E 00      MVI C,00H
2002  21 50 20   LXI H,2050H
2005  7E         MOV A,M
2006  23         INX H
2007  86         ADD M
2008  D2 0C 20   JNC 200CH
200B  0C         INR C
200C  23         INX H
200D  77         MOV M,A
200E  23         INX H
200F  71         MOV M,C
2010  76         HLT
```

पहिली सूचना सी रजिस्टरमध्ये शून्य भरते. हे रजिस्टर हातचा ठेवण्यासाठी राखलेले आहे. किट सुरू झाल्यावर रजिस्टरांत काय असेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे ते आधी कोरे करावे लागते. दुसरी सूचना एच आणि एल या दोन रजिस्टरांच्या जोडीत 2050H हा पत्ता ठेवते. ८०८५ च्या सूचनांमध्ये M हे अक्षर आले की त्याचा अर्थ ‘एच-एल जोडीत जो पत्ता आहे, त्या पत्त्यावरचा मेमरीचा खण’ असा होतो. M नावाचे वेगळे रजिस्टर नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

`MOV A,M` ने पहिली संख्या ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे ए रजिस्टरमध्ये येते. `INX H` पत्ता एकाने पुढे सरकवते आणि `ADD M` त्या नव्या पत्त्यावरची संख्या ए मध्ये मिळवते. ८०८५ मध्ये आठ बिटांच्या बेरजेत एक संख्या नेहमी ए मध्येच असावी लागते आणि उत्तरही तिथेच येते. म्हणून संख्या आधी ए मध्ये आणण्याला पर्याय नाही.

पुढे `JNC`. याचा अर्थ, हातचा आला नसेल तर दिलेल्या पत्त्यावर उडी मार. हातचा आला असेल तर उडी होत नाही, प्रोसेसर सरळ खाली येतो आणि `INR C` ने सी मधल्या शून्याचा एक होतो. दोन्ही वाटा 200CH वर एकत्र येतात. तिथून पत्ता पुढे सरकवून आधी ए आणि मग सी मेमरीत लिहिले जाते, आणि `HLT` ला प्रोसेसर थांबतो.

`INX H` मागेपुढे हलवताना एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: ही सूचना कुठल्याच फ्लॅगला हात लावत नाही. त्यामुळे बेरीज आणि `JNC` यांच्यामध्ये ती आली असती तरी हातचा सुरक्षित राहिला असता. `MOV` आणि `MVI` यांचेही तसेच. `INR` मात्र कॅरी सोडून बाकीचे चारही फ्लॅग बदलते.

मशीन कोडचा स्तंभ विद्यार्थ्यांना सर्वांत रुक्ष वाटतो आणि बहुतेक जण तो तक्त्यावरून उतरवतात. तक्ता जवळ नसला तरी यातले बरेच कोड हाताने काढता येतात. रजिस्टरांना तीन बिटांचे क्रमांक आहेत: बी 000, सी 001, डी 010, ई 011, एच 100, एल 101, एम 110 आणि ए 111. `MOV` चा कोड 01 ने सुरू होतो, त्यानंतर जिथे न्यायचे त्याचा क्रमांक आणि शेवटी जिथून आणायचे त्याचा. `MOV A,M` म्हणजे 01 111 110. हेच आठ बिट चार-चार करून वाचले की 0111 1110, म्हणजे 7E. `MOV M,C` म्हणजे 01 110 001, म्हणजे 71. `ADD` साठी 10000 पुढे रजिस्टरचा क्रमांक, म्हणून `ADD M` चा कोड 86.

याच नियमाने `MOV M,M` चा कोड काढला तर 01 110 110, म्हणजे 76 येतो. मेमरीचा खण स्वतःच्याच जागी हलवण्यात काही अर्थ नाही, म्हणून ती जागा रचनाकारांनी दुसऱ्या कामाला दिली: 76 म्हणजे `HLT`. वरच्या प्रोग्रामचा शेवटचा बाइट तोच आहे.

दोन पत्त्यांत मात्र सावध राहावे लागते. `LXI H,2050H` या सूचनेत पत्ता 2050 असला तरी मेमरीत तो 50 20 असा भरला आहे, म्हणजे खालचा बाइट आधी आणि वरचा नंतर. `JNC 200CH` मध्येही 0C आधी आणि 20 नंतर. ८०८५ पत्ते याच क्रमाने वाचतो. उत्तर साठवतानाही तोच क्रम ठेवला आहे: 2052H वर बेरजेचे खालचे आठ बिट आणि 2053H वर हातचा.

आता एक उदाहरण प्रत्यक्ष चालवून पाहता येईल. 2050H वर 9AH आणि 2051H वर 89H भरल्याचे धरू. दशमान पद्धतीत या संख्या १५४ आणि १३७, बेरीज २९१. खालच्या अंकांपासून सुरुवात केली तर A आणि 9 मिळून १९ होतात. सोळाच्या पायात १९ म्हणजे 13H, म्हणून 3 लिहायचा आणि हातचा एक. वरचे अंक 9 आणि 8, त्यात हातचा एक, एकूण १८, म्हणजे 12H. 2 लिहायचा आणि पुन्हा हातचा एक. उत्तर 123H. यातले 23H ए मध्ये राहते आणि डावीकडचा 1 कॅरी फ्लॅगमध्ये जातो. `JNC` ची उडी होत नाही, सी मध्ये 01 येतो. शेवटी 2052H वर 23 आणि 2053H वर 01 दिसायला हवे. पडताळा सोपा आहे: एक गुणिले २५६ अधिक 23H, म्हणजे ३५, मिळून २९१.

मधला हातचा, म्हणजे खालच्या चार बिटांकडून वरच्या चार बिटांकडे गेलेला, प्रोसेसर वेगळा नोंदवतो. तो ऑक्झिलरी कॅरी फ्लॅग. या उदाहरणात तोही एक होतो. पण `JNC` त्याच्याकडे पाहत नाही आणि तपासणारी दुसरी कुठली उडीही ८०८५ मध्ये नाही.

किटवर प्रोग्राम भरण्याची पद्धत सगळीकडे जवळपास सारखी असते. कळांची नावे तेवढी बदलतात. आधी रीसेट. मग मेमरी बदलण्याची कळ, जिच्यावर कुठे SUBST MEM तर कुठे EXAM MEM असे लिहिलेले असते. त्यानंतर 2000 हा पत्ता आणि NEXT. डावीकडच्या चार आकड्यांत पत्ता आणि उजवीकडच्या दोन आकड्यांत त्या खणातला बाइट दिसतो. 0E टाइप करून NEXT दाबले की पुढचा पत्ता येतो. असे 2010 पर्यंत सतरा बाइट भरायचे. मग त्याच कळेने 2050 आणि 2051 वर दोन संख्या. शेवटी GO, 2000 आणि EXEC.

या टप्प्यावर काही विद्यार्थी घाबरतात, कारण `HLT` नंतर कळा प्रतिसाद देत नाहीत. प्रोसेसर थांबला आहे, आणि कळा वाचणारा मॉनिटर प्रोग्रामही त्याच प्रोसेसरवर चालतो, त्यामुळे तोही थांबला आहे. रीसेट दाबले की मॉनिटर परत येतो. रीसेटने रॅममधले काही पुसले जात नाही, म्हणून आता 2052 आणि 2053 उघडून उत्तर वाचता येते. वीज गेली तर मात्र रॅममधला प्रोग्राम जातो आणि सतरा बाइट पुन्हा भरावे लागतात. काही किटांवर `HLT` ऐवजी मॉनिटरकडे परत नेणारी `RST` सूचना वापरायला सांगतात. तिचा क्रमांक किटच्या माहितीपुस्तकात असतो आणि तोच वापरायचा.

प्रोग्राम चालायला लागणारा वेळ थक्क करणारा आहे. प्रत्येक सूचनेला घड्याळाचे ठरावीक ठोके लागतात. हातचा नसताना वरच्या प्रोग्रामला ७८ आणि हातचा असताना ७९ ठोके पडतात. घड्याळ तीन मेगाहर्ट्झचे असेल तर हे काम सुमारे २६ मायक्रोसेकंदांत संपते. भरायला मात्र पाच-दहा मिनिटे सहज जातात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

या चुका चुकलेल्या उत्तरावरूनच ओळखता येतात, आणि परीक्षेत वेळ वाचतो तो यानेच. समजा बेरीज बरोबर आली, पण 2053H वर काहीतरी भलतेच, उदाहरणार्थ 4B, दिसले. याचा अर्थ सी रजिस्टर कोरे केलेले नाही. जुन्या कचऱ्यात हातचा मिळवला गेला. हातचा नेमका उलटा येत असेल, म्हणजे हवा तिथे 00 आणि नको तिथे 01, तर `JNC` च्या D2 ऐवजी `JC` चा DA भरला गेला आहे. हातचा कुठल्याही संख्यांना 01 च येत असेल, तर उडीचा पत्ता एकाने कमी, 200B, पडला आहे. उडी मारूनही प्रोसेसर `INR C` वरच येऊन आदळतो.

उडीचा पत्ता एकाने जास्त, 200D, असेल तर प्रकार आणखी फसवा होतो. हातचा आला तर सगळे ठीक. हातचा नसेल तर मधली `INX H` वगळली जाते, एच-एल मध्ये 2051H च राहतो आणि बेरीज दुसऱ्या संख्येवरच लिहिली जाते. 2052H वर मग बेरजेऐवजी 00 दिसते. म्हणजे चूक पत्त्यात असते आणि दिसते ती बेरजेत. पत्त्याचे दोन बाइट उलट, D2 20 0C असे, भरले तरीही मोठ्या संख्यांना उत्तर बरोबर येते, कारण तेव्हा उडी होतच नाही. लहान संख्यांना मात्र प्रोसेसर 0C20H या भलत्या पत्त्यावर निघून जातो. एकाच जोडीवर प्रोग्राम तपासून समाधान मानणाऱ्याला यातली कुठलीच चूक दिसणार नाही.

डिस्प्लेचाही थोडा हात असतो. सात पट्ट्यांच्या आकड्यांत B हे अक्षर लहान b सारखे उमटते आणि 6 शी त्याचा घोटाळा होतो. फरक फक्त वरच्या आडव्या पट्टीचा. भरून झाल्यावर सगळे बाइट एकदा NEXT दाबत वाचून काढणे म्हणूनच फुकट जात नाही.

हेक्साडेसिमल विसरल्याने होणारी चूक वेगळ्या जातीची आहे. 25 आणि 17 भरले, 42 ची अपेक्षा केली आणि 3C आले, तर प्रोग्राम बिघडलेला नाही. 25H म्हणजे ३७, 17H म्हणजे २३, बेरीज ६०, आणि ६० म्हणजे 3CH. दशमान अंक जसेच्या तसे मिळवायचे असतील तर `ADD M` च्या लगेच नंतर `DAA` ही सूचना, कोड 27, घालावी लागते. ती खालच्या आणि वरच्या चार बिटांची स्वतंत्र दुरुस्ती करते आणि 3C चे 42 होतात. वर उल्लेख केलेला ऑक्झिलरी कॅरी फ्लॅग याच सूचनेच्या कामाचा आहे. पण हा एक बाइट घातला की त्यापुढचे सगळे एकेक पत्त्याने सरकते, आणि `JNC` चा पत्ता 200DH करावा लागतो. हे शेवटचे विसरले की पुन्हा आधीच्याच चुकीशी गाठ पडते. संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये पत्त्याऐवजी नाव दिले की तो हिशेब आपोआप होतो. किटवर तो विद्यार्थ्याचाच.

उडी टाळूनही हातचा साठवता येतो. बेरीज 2052H वर लिहून झाल्यावर, शेवटच्या `INX H` नंतर, पुढील तीन सूचना पुरतात:

```
MVI A,00H
ACI 00H
MOV M,A
```

`MVI` ने ए मध्ये शून्य येते, पण कॅरी फ्लॅग तसाच राहतो. `ACI 00H` ए मध्ये शून्य आणि कॅरी मिळवते, म्हणजे उरतो तो नुसता हातचा. सी रजिस्टर लागत नाही, उडी लागत नाही आणि पत्ता चुकण्याची भीतीही नाही. परीक्षेच्या दृष्टीने ही रीत जास्त सुरक्षित आहे. तरी पाठ्यक्रमात `JNC` ची रीत रुळली आहे, कारण अटीवर उडी मारणे शिकवायचे असते. परीक्षकाला दोन्ही चालतात, फक्त प्रत्येक सूचनेसमोर टिप्पणी लिहिलेली असावी.

प्रोग्राम दाखवण्याआधी 2052H आणि 2053H वर मुद्दाम AA भरून ठेवावे, म्हणजे आधीच्या वेळचे उत्तर नवे समजण्याची चूक होत नाही. मग किमान तीन जोड्या चालवाव्यात: 49H आणि 56H, ज्यांचे उत्तर 9F आणि हातचा 00, 9AH आणि 89H, ज्यांचे उत्तर 23 आणि हातचा 01, आणि FFH व 01H, ज्यांचे उत्तर 00 आणि हातचा 01. तिसऱ्या जोडीत 2052H वर शून्य दिसते, म्हणून उत्तर लिहिताना 2053H चा बाइट आधी आणि 2052H चा नंतर ठेवून 0100H असे लिहावे.